लक्ष होते, वेळ नव्हता

मळणीच्या हंगामात शिवारात अपघात झाला की पंचनाम्याच्या आधीच निकाल लागतो. 'लक्ष नव्हतं.' 'घाई केली.' 'पदर आवरायला नको का?' बोलणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसते. उलट मोठ्या हळहळीनेच हे बोलले जाते. पण एकदा दोष जखमी माणसाच्या पदरात पडला की यंत्राकडे कोणी पाहत नाही. ते पुसून, पट्टा ताणून दुसऱ्या दिवशी शेजारच्या खळ्यावर चालू होते. ज्या उघड्या दांडीने किंवा ज्या आखूड तोंडाने काल हात नेला, ती दांडी आणि ते तोंड आज दुसऱ्या कुणाच्या समोर असते.

ट्रॅक्टर उलटणे, ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांडीत, म्हणजे पीटीओ शाफ्टमध्ये, कपडा गुंतणे आणि मळणी यंत्रात हात जाणे हे शेतीतल्या यांत्रिकीकरणाचे तीन सर्वात क्रूर अपघात आहेत. तिन्ही वरवर वेगळे दिसतात, पण त्यांत एक गोष्ट समान आहे. धोका कळून माणूस हालचाल करीपर्यंत जेवढा वेळ लागतो, त्याच्या आत ते घडून गेलेले असतात. सावध माणसाला अनपेक्षित गोष्ट दिसून, कळून, हात-पाय हलवायला साधारण पाऊण सेकंद लागतो. थकलेल्या, रात्रभर जागलेल्या माणसाला त्याहून अधिक. ज्या यंत्रासमोर पाऊण सेकंद उशिराचा ठरतो, त्याच्यासमोर 'लक्ष ठेवा' हा सल्ला अपुराच राहणार. तिथे सुरक्षा यंत्राच्या बांधणीतच असावी लागते आणि ती टिकवण्याची जबाबदारी बनवणारा, विकणारा, अनुदान देणारा आणि भाड्याने चालवणारा यांच्यावर टाकावी लागते.

हे तपासून पाहायला सोयाबीनच्या खळ्याइतकी चांगली जागा नाही. लातूर, धाराशिव, हिंगोली, वाशीम या पट्ट्यात दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन कापून गंजी लावलेली असते आणि वर परतीच्या पावसाचे ढग असतात. गंजी भिजली तर शेंगा काळ्या पडतात आणि भाव पडतो. त्यामुळे मळणी यंत्राला, ज्याला बऱ्याच गावांत हडंबा म्हणतात, एकाच वेळी सगळीकडून बोलावणे येते. यंत्राचा मालक आपल्या ट्रॅक्टरमागे ते घेऊन गावोगाव फिरतो. दर बहुधा पोत्यामागे ठरतो. सोबत सहा-सात मजुरांची टोळी असते. एक शेत आटोपले की रात्रीच दुसरे गाठायचे असते. ट्रॅक्टर बांधावरून, ओढ्यातून, विहिरीच्या कडेने खळ्यावर येतो, तिथे त्याची दांडी यंत्राला जोडली जाते आणि यंत्राच्या तोंडाशी माणूस उभा राहतो. तिन्ही अपघातांची जागा अशी एकाच रात्री तयार होते.

मधल्या दांडीपासून सुरुवात करू. ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला, आसनाच्या खाली, खाचा असलेला एक छोटा दट्ट्या बाहेर आलेला असतो. इंजिनाची शक्ती तिथून बाहेर काढता येते. त्याला जोडलेला लांब शाफ्ट मळणी यंत्र, कडबाकुट्टी, फवारणीचा ब्लोअर किंवा रोटाव्हेटर फिरवतो. आपल्याकडे त्याचा प्रचलित वेग मिनिटाला 540 फेरे, म्हणजे सेकंदाला 9 फेरे.

आता हिशेब करून पाहावा. शाफ्टची जाडी 7 सेंटीमीटर धरली तर त्याचा घेर 22 सेंटीमीटर होतो. सेकंदाला 9 फेरे म्हणजे सेकंदाला सुमारे 2 मीटर कापड तो स्वतःभोवती गुंडाळू शकतो. पाऊण सेकंदात दीड मीटर. पदराचे टोक शाफ्टला लागल्यापासून 'ओढले जात आहे' हे बाईच्या लक्षात येईपर्यंत पदर संपलेला असतो आणि शरीर दांडीला भिडलेले असते. उपरणे, गळ्यातला रुमाल, सैल सदऱ्याची बाही, वेणी, सगळ्यांचे गणित हेच. त्यानंतर इंजिन बंद करायला कोणी धावले तरी ट्रॅक्टरच्या आसनापर्यंत पोहोचून दांडा ओढायला काही सेकंद जातात आणि तेवढ्यात दांडी आणखी कित्येक फेरे घेते.

गुळगुळीत दांडीला कापड कसे अडकेल, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. पहिला वेढा खरोखरच निसटू शकतो. पण कापडाचा दुसरा वेढा पहिल्यावर बसला की तो आपलेच टोक दाबून धरतो आणि मग जितके ओढावे तितकी पकड घट्ट होते. ओलसर सुती कापड तर पहिल्या वेढ्यातच चिकटते. दांडीच्या दोन्ही टोकांना असलेले सांधे, म्हणजे क्रॉस, आणि त्यांतून डोके काढलेली पिन किंवा मूळ खिळीच्या जागी ठोकलेला लांब बोल्ट हे काम आणखी सोपे करतात.

यावरचा उपाय जुना आहे आणि साधा आहे. नव्या शाफ्टवर प्लॅस्टिकची नळी चढवलेली येते. ही नळी आतल्या दांडीवर लहान बेअरिंगांवर टेकलेली असते आणि दोन्ही टोकांच्या बारीक साखळ्यांनी ट्रॅक्टरला व यंत्राला बांधायची असते. दांडी आत फिरते आणि नळी जागेवर स्थिर राहते. त्याशिवाय ट्रॅक्टरच्या दट्ट्यावर लोखंडी टोप आणि यंत्राच्या बाजूला दुसरा टोप. हे तिन्ही भाग जागेवर असतील तर पदराला फिरणारा भाग सापडतच नाही.

मग ते जागेवर का नसतात? याचे उत्तर निष्काळजीपणात शोधण्यापेक्षा ग्रीसच्या पंपात शोधावे. दांडीच्या क्रॉसला नियमित ग्रीस द्यावे लागते आणि ग्रीस देण्याची निपल बऱ्याच शाफ्टमध्ये नळीच्या आत झाकलेली असते. त्यासाठी नळी मागे सरकवावी किंवा काढावी लागते. ती एकदा काढली की कळा तुटतात आणि पुन्हा नीट बसत नाही. सोयाबीनचा भुसा आणि धूळ बेअरिंगमध्ये शिरते आणि नळी दांडीबरोबर फिरू लागते. साखळी तुटलेली असेल तर तिला अडवायलाही कोणी नसते. फिरणारी नळी दांडीइतकीच धोक्याची, किंबहुना जास्त, कारण ती पाहून माणूस निर्धास्त होतो. शेवटी चालक वैतागून ती फेकून देतो. कोणी तिच्या जागी पोते गुंडाळतो, आणि ते पोते पदराला पकडायला उघड्या दांडीइतकेच तयार असते.

म्हणून नळी आहे की नाही एवढे पाहून भागत नाही. इंजिन बंद असताना ती हाताने फिरवून पाहावी. ती दांडीवर सहज, एकटी फिरली पाहिजे. साखळ्या दोन्हीकडे लावलेल्या असाव्यात. तडा गेलेली किंवा टोकाशी तुटलेली नळी बदलावी. ही तपासणी दोन मिनिटांची आहे. ग्रीससाठी खिडकी ठेवलेल्या नळ्याही मिळतात. काढावीच न लागणारी नळी विकत घेणाऱ्यापर्यंत पोहोचली, तर ती फेकून देण्याचे मूळ कारणच उरत नाही. इथे सूचनाफलकापेक्षा एक इंचाची खिडकी जास्त काम करते.

आता यंत्राच्या तोंडाशी. मळणी यंत्राच्या पोटात लोखंडी काटे लावलेला ड्रम फिरतो. गव्हासाठी त्या काट्यांचा वेग सेकंदाला 20 मीटरच्या आसपास असतो, सोयाबीनसाठी दाणा फुटू नये म्हणून तो कमी ठेवतात. कमी केला तरी हाताच्या दृष्टीने फरक काहीच नाही. ज्या पसरट नळकांड्यातून पीक आत ढकलतात त्याला चुट म्हणू. भारतीय मानक ब्युरोने मळणी यंत्राच्या सुरक्षिततेसाठी ठरवलेल्या मानकात, आयएस 9020 मध्ये, या चुटाची लांबी किमान 90 सेंटीमीटर ठरवली आहे आणि ड्रमकडचा किमान 45 सेंटीमीटर भाग वरून झाकलेला असावा असे म्हटले आहे.

हे आकडे माणसाच्या शरीरावरून निघाले आहेत. प्रौढ पुरुषाचा हात खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत साधारण 70 ते 75 सेंटीमीटर भरतो. चुट 90 सेंटीमीटरचा असेल तर तोंडाशी सरळ उभ्या माणसाची बोटे ड्रमपर्यंत पोहोचतच नाहीत. तो तोल जाऊन पुढे झुकला तरी झाकणामुळे डोके आणि खांदा अडतो. आता समजा, एखाद्या स्थानिक कारागिराने पत्रा वाचवायला चुट 50 सेंटीमीटरचा केला आणि झाकण लावलेच नाही. मग हाताच्या आणि ड्रमच्या मधली जागा उणे होते. पेंढी दाबण्यासाठी तळहात वापरला की बोटे काट्यांच्या आवाक्यात आली.

आणि तळहात वापरला जातोच. पीक कोरडे आणि लांब असेल तर ड्रम स्वतःच ते ओढून घेतो. पण परतीच्या पावसात भिजलेले, आखूड सोयाबीन चुटात अडते, गोळा होते आणि ड्रमचा आवाज जड होतो. अनुभवी मजूर हा आवाज ओळखतो आणि गोळा मोकळा करायला हात पुढे जातो. अडलेला गोळा अचानक सुटला की ड्रम तो झटक्यात ओढतो आणि गोळ्यात रुतलेली बोटे सोबत जातात. अशा वेळी माणूस बहुधा रिकाम्या पिंपावर, खाटेवर किंवा भुशाच्या ढिगाऱ्यावर उभा असतो. भुसा पायाखाली सरकतो आणि तोल सावरायला तोच हात पुढे टेकतो.

या अपघाताला कौशल्याचा अभाव कारणीभूत नसतो. चुटात हात घालायला सराव लागतो. नवखा माणूस घाबरून लांब राहतो आणि वर्षानुवर्षे काम केलेला जवळ जातो. रात्रीच्या शेवटच्या तासांत, पोत्यामागे दर असताना, 'जरा दाबून घाल' असे चालकाने म्हटले की नकार द्यायला मजुराकडे काही कारण उरत नाही. म्हणून सुरक्षा पोत्याच्या हिशेबातच शिरली पाहिजे. लांब चुट आणि पक्का फळ्यांचा ओटा असलेल्या यंत्रावर थोडे पीक कमी निघत असेल, तर त्या तफावतीचे पैसे खळ्यावर ठरतात, हे शेतकरी आणि मालक दोघांनाही माहीत असते. पीक दाबायला हाताऐवजी लाकडी दांडा वापरण्याचीही सवय काही टोळ्यांत आहे. पण दांडा हातातून ओढला जाऊ शकतो, ताठ धरला तर मनगटालाही झटका देतो. त्यामुळे दांडा चुटाला पर्याय नाही. चुट मानकाप्रमाणे असेल तरच तो कामाचा.

यंत्र अडले की ते थांबवून, पट्टा उतरवून साफ करायचे हेही खळ्यावर सगळ्यांना ठाऊक असते. बऱ्याच जणांच्या लक्षात न येणारी गोष्ट वेगळी आहे. इंजिन बंद झाले तरी जड ड्रम आपल्या वजनाच्या जोरावर बराच वेळ फिरत राहतो. आवाज थांबतो, काटे थांबत नाहीत. म्हणून पीटीओ सोडायची, इंजिन बंद करायचे, चावी चालकाच्या खिशात आणि ड्रम डोळ्यांनी थांबलेला दिसल्यावरच झाकण उघडायचे. हा क्रम पाळायचा तर टोळीत एकच माणूस 'चालू' आणि 'बंद' म्हणायला असावा लागतो. अंधारात, धुरळ्यात, दोघे दोन बाजूंनी हात घालत असताना तिसऱ्याने इंजिन सुरू केले तर दोष कोणाचा, हा प्रश्न नंतर निरर्थक ठरतो.

या बाबतीत भारतात कायदा फार आधी झाला. पंजाब-हरियाणात गव्हाच्या मळणीत शेकडो लोकांचे हात गेले, त्या पार्श्वभूमीवर संसदेने 1983 मध्ये धोकादायक यंत्रे (नियमन) कायदा केला. त्याचा मुख्य रोख शक्तीवर चालणाऱ्या मळणी यंत्रांवर होता. बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला परवाना, यंत्र सुरक्षा मानकांप्रमाणे असण्याची सक्ती, जखमी चालकाला भरपाई आणि या सगळ्यावर राज्याने नेमलेले नियंत्रक अशी त्याची बांधणी. कल्पना योग्य होती. जखमेची जबाबदारी जखमीवरून काढून यंत्र बनवणाऱ्याकडे आणि कामावर ठेवणाऱ्याकडे नेणारी. पण मळणी यंत्र कारखान्यात कमी आणि तालुक्याच्या गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात जास्त बनते. त्या दुकानापर्यंत परवाना पोहोचला नाही आणि विकल्या गेलेल्या यंत्राची खळ्यावर पुन्हा तपासणी करण्याची व्यवस्था उभी राहिली नाही. कागदावर चुट 90 सेंटीमीटरचा राहिला.

तिसरा अपघात खळ्यावर येण्याच्या वाटेवरचा. ट्रॅक्टर दोन प्रकारे उलटतो. बाजूला उलटणे डोळ्यांना पटते. बांधाची माती चाकाखालून सुटते, ओढ्याच्या काठावर एक चाक खाली जाते, वळणावर वेग जास्त असतो. वेग दुप्पट झाला की बाहेर फेकणारे बल चौपट होते, हे चालकाला पुस्तकातून माहीत नसले तरी वळणावर ते लागू होतेच. त्यात एक खास कारण आहे. ट्रॅक्टरला उजव्या आणि डाव्या मागच्या चाकाचा ब्रेक वेगळा असतो. शेतात टोकाला वळताना एकच दाबता यावा म्हणून. रस्त्यावर येताना दोन्ही पेडल खटक्याने एकत्र जोडायची असतात. ती जोडायची राहिली आणि वेगात एकच पेडल दाबले गेले की एक चाक थांबते, दुसरे फिरत राहते आणि ट्रॅक्टर गर्रकन वळून उलटतो. पाहणाऱ्याला वाटते, चालकाचा ताबा सुटला.

मागे उलटणे मात्र अनेकांना समजतच नाही. ट्रॅक्टरचे इंजिन मागच्या चाकांना फिरवते. चाके फिरू शकली नाहीत, चिखलात रुतली किंवा ओढायचे ओझे हललेच नाही, तर तीच ताकद ट्रॅक्टरच्या धडाला चाकांच्या आसाभोवती उलट दिशेने फिरवू लागते. पुढची चाके वर उठतात. उसाने भरलेल्या ट्रॉल्या चढावर ओढताना 'ट्रॅक्टरचे तोंड उचलले' असे चालक म्हणतात, ते हेच. तोंड उचलू नये म्हणून बोनेटवर माणसे बसवण्याची पद्धत आहे. ती माणसे पहिली खाली येतात. रुतलेला ट्रॅक्टर काढायला मागच्या चाकांना आडवे लाकूड बांधणे हाही त्याच सापळ्याचा भाग. लाकूड जमिनीत अडकले, चाक थांबले आणि क्लच सोडला की धडच फिरते.

इथेही वेळच मारक आहे. पुढची चाके उठल्यापासून परत खाली येऊच शकणार नाहीत अशा टप्प्यापर्यंत ट्रॅक्टर साधारण पाऊण सेकंदात जातो आणि दीड सेकंदात पूर्ण उलटतो. क्लच दाबण्याचा विचार मनात येईपर्यंत तो टप्पा मागे पडलेला असतो. ओढण्याची साखळी कुठे बांधली यावर बरेच अवलंबून असते. खालच्या ड्रॉबारला बांधली तर ओढ तोंड खाली धरायला मदत करते. चाकांच्या आसापेक्षा वर, तिसऱ्या लिंकच्या जागी किंवा आसाच्या आवरणाला बांधली, तर तीच ओढ ट्रॅक्टरला मागे खेचते. फरक काही इंचांचा, परिणाम दीड सेकंदाचा.

उलटणे पूर्णपणे थांबवता येत नाही, पण उलटल्यावर माणसाला चिरडू न देणे शक्य आहे. ट्रॅक्टरच्या आसनाभोवती पोलादाची संरक्षक कमान बसवायची आणि चालकाने सीटबेल्ट बांधायचा. ट्रॅक्टर कोलांटी खातो तेव्हा कमान जमिनीवर टेकते आणि कमानीच्या आतली जागा चालकासाठी शिल्लक राहते. बेल्ट नसेल तर चालक त्या जागेतून बाहेर फेकला जातो आणि कमानच त्याच्या अंगावर येऊ शकते. कमान नसलेल्या ट्रॅक्टरवर मात्र बेल्ट बांधू नये, कारण मग सुटून उडी मारण्याची उरलेली शक्यताही जाते. कमान आणि बेल्ट दोन्ही असतील तर उलटण्यातले मृत्यू जवळजवळ टळतात, हे जगभरचे अनुभव सांगतात. आपल्याकडे सावलीसाठी बसवलेले छत अनेकांना कमान वाटते. ते पातळ पाइपांवर उभे असते आणि ट्रॅक्टरच्या वजनाखाली कागदासारखे दुमडते. गावात वेल्डिंग करून घेतलेली कमानही फसवी. खरी कमान ठरावीक भाराखाली चाचणी करून मान्य केलेली असते आणि तिच्यात छिद्र पाडले किंवा पुन्हा वेल्डिंग केले की ती मान्यता संपते.

स्वीडनने हे सर्वात आधी ओळखले. 1959 मध्ये नव्या ट्रॅक्टरवर कमान सक्तीची झाली, पुढच्या टप्प्यांत मजूर चालवत असलेल्या जुन्या ट्रॅक्टरवरही आणली गेली आणि काही दशकांत तिथले उलटण्याचे मृत्यू जवळपास नाहीसे झाले. चालक अचानक जास्त शिस्तीचे झाले नव्हते. ट्रॅक्टर उलटतच होते, पण माणसे जिवंत उठत होती. अमेरिकेची वाट वेगळी. तिथे 1976 मध्ये मजूर चालवत असलेल्या नव्या ट्रॅक्टरवर सक्ती आली, घरच्या शेतीतले जुने ट्रॅक्टर बाहेर राहिले. ट्रॅक्टर पंचवीस-तीस वर्षे चालतात, त्यामुळे कमान नसलेले ट्रॅक्टर शेतांत उरले आणि त्यांखाली माणसे मरत राहिली. शेवटी 2006 पासून न्यूयॉर्क राज्याने जुन्या ट्रॅक्टरवर कमान बसवण्याच्या खर्चाचा 70 टक्क्यांपर्यंत भाग परत द्यायला सुरुवात केली. पैसा कुठे लावला की शेतकरी हलतो, हे तिथे उमगले.

भारतात बनून परदेशात जाणारे अनेक ट्रॅक्टर कमानीसह जातात. तेच कारखाने देशातल्या बाजारात बहुतेक मॉडेल कमानीशिवाय विकत आले आहेत. यावर आक्षेप असतो तो किमतीचा आणि वापराचा. नाशिकच्या द्राक्षबागेत किंवा सोलापूरच्या डाळिंबात उंच कमान तारांना आणि फांद्यांना अडते, हे खरे. त्यासाठी दुमडणारी कमान असते. बागेत दुमडून रस्त्यावर आणि बांधावर उभी करायची. ती नेहमीच दुमडलेली ठेवली जाईल, हाही आक्षेप खरा आहे. पण ऊस, सोयाबीन, गहू या पिकांत ती दुमडण्याचे कारणच पडत नाही आणि महाराष्ट्रातला मोठा भाग तिथेच आहे. किमतीच्या प्रश्नाला उत्तर अनुदानाच्या रचनेत आहे.

कमान कुठे थांबते हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. 4 एप्रिल 2025 रोजी नांदेडजवळच्या आलेगाव शिवारात मजूर घेऊन जाणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या 7 महिला बुडून गेल्या, तिघांना बाहेर काढता आले. चालकाच्या आसनाभोवतीची कोणतीही कमान त्या ट्रॉलीतल्या बायकांना वाचवू शकली नसती. तिथे लागतात ती दुसरी बंधने. विहिरीला कठडा, कडेपासून ट्रॅक्टरच्या वाटेचे अंतर आणि माणसे वाहण्यासाठी ट्रॉलीऐवजी वेगळे वाहन. मडगार्डवर बसलेल्या मुलालाही कमान उपयोगाची नाही. म्हणून आसन एकच असेल तर माणूसही एकच, हा नियम कमानीसोबतच चालायला हवा.

आता भरपाईकडे. महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. तिच्यात मृत्यूला 2 लाख, दोन अवयव गेल्यास 2 लाख आणि एक अवयव गेल्यास 1 लाख रुपये मिळतात. पण ती सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या कुटुंबातल्या एका व्यक्तीसाठी आहे. हडंब्याच्या तोंडाशी उभा राहणारा बहुधा भूमिहीन असतो. तो या योजनेच्या बाहेर पडतो. दुसरीकडे, 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत शेतीत ट्रॅक्टरवर किंवा यांत्रिक शक्तीच्या साधनांवर काम करणारा मजूर स्पष्ट धरलेला होता. हक्क होता, पण तो कोणाकडे मागायचा? यंत्राचा मालक म्हणतो, टोळी शेतकऱ्याच्या कामावर होती. शेतकरी म्हणतो, मी पोत्याचा दर दिला, टोळी यंत्राबरोबर आली. मुकादम आधीच गायब असतो. लेखी काही नसते. त्यामुळे हात गेलेला मजूर दवाखान्याचे बिल भरण्यासाठी पुन्हा त्याच मालकाकडून उचल घेतो.

या सगळ्याचे धागे एका ठिकाणी येतात, ते म्हणजे यंत्रावर सरकारचा पैसा लागतो त्या क्षणी. महाडीबीटीवरून यांत्रिकीकरणाचे अनुदान मागितले जाते आणि अवजाराला चाचणी अहवाल लागतो. म्हणजे सरकारच्या हातात एक चाप आहे, पण तो एकदाच, खरेदीच्या दिवशी, वापरला जातो. त्या दिवशी चुट पूर्ण असतो, नळी नवी असते. दुसऱ्या हंगामात दोन्ही नसतात आणि तपासायला कोणी येत नाही. भाडेतत्त्वावर यंत्र चालवणाऱ्या केंद्रांना मिळणाऱ्या अनुदानाचा काही भाग मागे ठेवून दोन-तीन हंगामांनंतर, यंत्र खळ्यावर पाहून द्यावा. तपासणीसाठी प्रयोगशाळा लागत नाही. टेपने चुट मोजायचा, नळी हाताने फिरवायची, साखळ्या पाहायच्या, ब्रेकची पेडल जोडलेली आहेत का पाहायचे. सहायक कृषी अधिकाऱ्याला एका यंत्राला दहा मिनिटे पुरतील.

जुन्या यंत्रांचे काय, हा त्याहून मोठा प्रश्न आहे, कारण उद्याचे बहुतेक अपघात आजच्याच यंत्रांवर होणार. तिथे नव्या यंत्राच्या अनुदानापेक्षा सुट्या भागांचे अनुदान स्वस्तात जास्त हात वाचवेल. नळी, साखळ्या, चुटाचे झाकण, पट्ट्यावरची जाळी आणि टोप हे सगळे तालुक्याच्या दुकानात माफक दरात मिळाले पाहिजे. वेल्डिंगच्या दुकानांनाही परवान्याची धमकी देण्याआधी चुटाचा मानक आराखडा आणि तो बनवण्याचे प्रशिक्षण द्यायला हवे. तिथल्या कारागिराला 90 सेंटीमीटरचा चुट करता येत नाही असे नाही. त्याला तो कोणी मागितलेला नसतो.

आणि पोत्याचा दर ठरतो त्याच वेळी, त्याच तोंडी करारात दोन गोष्टी यायला हव्यात. टोळी कोणाच्या कामावर आहे आणि अपघात झाल्यास मजुराचा खर्च कोण देणार. ग्रामपंचायतीने मळणी सुरू होण्याआधी गावात येणाऱ्या प्रत्येक यंत्राची, त्याच्या मालकाची आणि टोळीतल्या माणसांची नावे नोंदवली, तर मालकाचे आणि शेतकऱ्याचे एकमेकांकडे बोट दाखवणे तिथेच थांबेल. यंत्राचा विमा हप्ता पोत्याच्या दरात मोजता येतो. सोयाबीनच्या खळ्यावर डिझेल, ड्रायव्हर, पट्टा, बारदाना या सगळ्यांचा हिशेब पोत्यामागे लावणाऱ्या माणसांना मजुराच्या हाताचाही हिशेब त्याच वहीत लावता येईल. त्यासाठी कृषी विभागाने सप्टेंबर संपण्याआधी प्रत्येक तालुक्यात यंत्रमालकांची एक बैठक घेऊन दर, तपासणी आणि विमा हे तिन्ही एकत्र ठरवावेत, कारण ऑक्टोबरमध्ये गंजी भिजू लागली की कोणीही बैठकीला येणार नाही.